दहाव्याचा घाट, बंधाऱ्याचे पाणी आणि आपली आंघोळ

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके नद्यांचे. कुकडी, मीना, पुष्पावती, घोड अशा नद्या सह्याद्रीच्या कुशीतून इथे उतरतात. मीना आणि कुकडी पुढे घोडीला मिळतात आणि घोड भीमेला. भीमा उगवते ती शेजारच्याच भीमाशंकरच्या डोंगरात. कोरेगावच्या पुलाखालून वाहणारी भीमा हीच, आणि पंढरपूरला वळण घेऊन चंद्रभागा होणारीही हीच. त्यामुळे आपल्या गावच्या ओढ्यात जे सोडले जाते, त्याचा काही ना काही अंश पुढे कुणाच्या तरी तीर्थात जातो.

पवित्र स्नान म्हटले की डोळ्यांसमोर कुंभमेळा नाहीतर आषाढी येते. पण आमच्या भागात नदीतली सर्वांत नेमाची धार्मिक आंघोळ त्यांपैकी कुठलीच नाही. ती आहे दहाव्याची. गावोगावी नदीकाठी दशक्रियेचा घाट असतो. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी सकाळी तिथे दोन-चारशे माणसे जमतात. प्रवचन होते, पिंड ठेवले जातात, पुरुष मुंडण करून नदीत बुडी मारतात, बायकाही आंघोळ करतात. आपल्या समाजाने हा विधी सोडून बरीच वर्षे झाली. तरीही शेजारधर्म म्हणून आपण तिथे जातो, आपली मुले त्याच पाण्यात पोहतात, आपल्या भगिनी तिथे कपडे धुतात आणि घाट झाडायला पुष्कळदा आपलीच माणसे असतात. म्हणून या पाण्याचा हिशेब आरोग्याच्या पानावर मांडायचे आम्ही ठरवले.

पाणी वाहते असते का?

नदीत आंघोळ करू नका असे आम्ही सांगू लागलो की हमखास एक उत्तर येते, "अहो सिस्टर, वाहत्या पाण्याला कसला आलाय दोष?" या म्हणण्यात तथ्य आहे. वाहत्या, उथळ, स्वच्छ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचते, पाण्यात हवा मिसळत राहते आणि आतड्यातले बहुतेक जंतू काही दिवसांत मरतात. आपल्या आजी-पणजीच्या काळात हे उत्तर बऱ्याच अंशी खरे होते.

आता नदी तशी वाहत नाही. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, घोडीवर डिंभे अशी धरणे झाली. त्यांनी शेती फुलवली, ते नाकारण्याचे कारण नाही. पण दिवाळीनंतर नदीत पाणी असते ते आवर्तन सुटेल तेव्हा. दोन आवर्तनांच्या मधे पात्रात उरते ते के.टी. बंधाऱ्यामागे अडलेले पाणी. आणि दहाव्याचा घाट बहुतेक ठिकाणी त्याच फुगवट्यावर बांधलेला असतो, कारण बारमाही पाणी तिथेच सापडते. गावही त्याच काठावर असल्याने गावचे गटार उतरते तेही तिथेच किंवा थोडे वरच्या अंगाला. म्हणजे ज्याला आपण नदी म्हणतो ते वर्षातले सहा-सात महिने गटार मिळणारे एक लांबट तळे असते. पाणी गढूळ किंवा शेवाळी असल्याने ऊन आत जात नाही आणि जंतू अधिक दिवस टिकतात.

एका गावाचा हिशेब

सरकारने मैदानी आंघोळीच्या पाण्यासाठी निकष ठरवले आहेत. त्यातला आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा निकष विष्ठेतल्या जंतूंचा, म्हणजे फीकल कोलिफॉर्मचा. हे जंतू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतात. ते स्वतः बहुधा आजार करत नाहीत, पण ते सापडले की पाण्यात विष्ठा मिसळली आहे हे नक्की समजते. विष्ठा मिसळली म्हणजे तिच्यासोबत कावीळ, टायफॉइड, हगवण यांचे जंतूही येऊ शकतात. छोटा कपभर, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात असे जंतू ५०० पर्यंत असावेत, आणि कमाल मर्यादा २,५०० ची.

आता ४,००० वस्तीचे एक गाव धरू. माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी ही नळयोजनेची ठरलेली मात्रा. त्यातले सुमारे ८० टक्के, म्हणजे ४४ लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. गावाचे झाले रोजचे १ लाख ७६ हजार लिटर. निव्वळ मैलापाण्यात १०० मिलिलिटरला कोटीच्या घरात जंतू असतात. आपल्या गावात मोरीचे, धुण्याचे पाणी आणि काही घरांच्या शौचालयाच्या टाकीचे पाणी एकत्र वाहते. म्हणून आपण १० लाखच धरू.

१० लाखांचे ५०० करायचे तर ते पाणी २,००० पट पातळ व्हायला हवे. म्हणजे रोज सुमारे ३५ कोटी लिटर स्वच्छ पाणी नदीतून वाहायला हवे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जवळजवळ १४४ क्युसेकचा सतत विसर्ग. नुसती कमाल मर्यादा गाठायची म्हटली तरी २९ क्युसेक लागतील. हा झाला एकाच गावाचा हिशेब, आणि वरच्या गावाहून येणारे पाणी निर्मळ आहे असे धरून केलेला. काही जंतू वाटेत मरतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा उतरेल. पण आवर्तन बंद असताना विसर्ग शून्य असतो, आणि शून्यात काहीच पातळ होत नाही.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मोठ्या शहराखाली सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असला की लोक निर्धास्त होतात. प्रकल्पाचे मुख्य काम असते पाण्यातली सडणारी घाण कमी करणे, म्हणजे नदीतला प्राणवायू संपू नये आणि मासे जगावेत. त्या प्रक्रियेत जंतूही ९० ते ९९ टक्के कमी होतात. हे ऐकायला छान वाटते, पण कोटीतले ९९ टक्के गेले तरी लाख उरतात आणि आपल्याला हवेत पाचशे. शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरणांची निर्जंतुकीकरणाची पायरी असेल आणि ती रोज चालत असेल तरच ते पाणी आंघोळीच्या जवळपास येते. आळंदीला इंद्रायणीवर फेसाचे थर दिसतात तेव्हा बातमी होते आणि फेस विरला की बातमीही विरते. फेस हा मुख्यतः साबण-डिटर्जंट आणि कारखान्यांच्या रसायनांचा. जंतूंना फेस नसतो, रंग नसतो आणि वासही नसतो. नितळ दिसणारे पाणीही निकषाच्या कितीतरी पुढे असू शकते.

आजार होतो, पण नदीवर आळ येत नाही

"आम्ही इतकी वर्षे बुडी मारतोय, काही झाले नाही," हे दुसरे नेहमीचे उत्तर. पुष्कळांना खरेच काही होत नाही. पण ज्यांना होते त्यांनाही ते नदीमुळे झाले हे कळत नाही, कारण मधे दिवस जातात. हगवण-उलटी एक-दोन दिवसांत लागते, तेव्हा दोष जेवणावर जातो. टायफॉइडचा ताप एक ते तीन आठवड्यांनी चढतो. लेप्टोस्पायरोसिसला साधारण एक-दोन आठवडे लागतात. पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, सरासरी महिनाभराने दिसते, कधी दोन महिन्यांनीही. तोवर दहावा, तेरावा, महिन्याचा घास सगळे उरकलेले असते. डोळे पिवळे झाल्यावर बंधाऱ्याचे पाणी कुणाला आठवणार?

दहाव्याच्या आंघोळीत काही गोष्टी धोका वाढवतात. ताज्या मुंडणाने डोक्यावर बारीक कापे गेलेले असतात आणि तेच डोके पाण्यात बुडते. म्हशी, कुत्री, उंदीर यांच्या लघवीतून पाण्यात आलेला लेप्टोचा जंतू अशाच कापातून, पायाच्या भेगांतून किंवा डोळ्यांतून शरीरात शिरतो. पावसाळ्यात हा धोका अधिक. एकच वस्तरा अनेकांना वापरला तर रक्तातून पसरणारी कावीळ आणि एच.आय.व्ही. यांचा धोका वेगळाच, म्हणून प्रत्येकाला नवे पाते लावायचा आग्रह धरावा. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांच्या पायाची जखम त्यांना दुखत नाही, पण पाणी तिच्यात शिरतेच. लहान मुले खेळताना पाणी गिळतात. आणि गर्भवतीने या पाण्यापासून दूरच राहावे, कारण हिपॅटायटिस ई तिला शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर जिवावर बेतू शकतो. अशा रुग्णांत दर शंभरांमागे वीस-पंचवीस माता दगावल्याचे अनुभव वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहेत.

त्यामुळे नदीत उतरणे टळतच नसेल तर पाणी तोंडात घेऊ नये, तीर्थ म्हणून पिऊ नये, डोके बुडवू नये, जखम असेल तर काठावरच थांबावे आणि घरी येऊन साबणाने स्वच्छ आंघोळ करावी. पहिल्या पावसानंतरचे दोन-तीन दिवस तर उतरूच नये. सगळ्या गावाची उन्हाळ्यातली घाण तेव्हा एकदम नदीत येते. नंतर महिना-दोन महिन्यांत ताप, पोटऱ्यांत जोराचे दुखणे, डोळे लाल, लघवी गडद पिवळी, जेवणावरची वासना जाणे यांपैकी काही दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तिथे डॉक्टरांना आपणहून सांगावे की अमुक तारखेला नदीत आंघोळ केली होती. या एका वाक्याने निदान लवकर होते.

पवित्र आणि स्वच्छ

केली अ‍ॅली या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी बनारसच्या घाटांवर राहून गंगेचा अभ्यास केला. त्यांना आढळले की तिथल्या पुरोहितांना गंगेत घाण येते हे मान्य होते. गंगा अपवित्र होऊ शकते हे मात्र त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या दृष्टीने घाण ही वरवरची गोष्ट, पावित्र्य हा नदीचा स्वभाव. हे समजून घेतले की आपल्या घाटावरचा वादही उलगडतो. आपण म्हणतो पाणी दूषित आहे, समोरच्याला ऐकू येते की त्याची गंगामाई विटाळली. तो चिडतो आणि पाण्याचा विषय तिथेच संपतो. त्याच बनारसमध्ये संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी १९८२ मध्ये संस्था काढली, गंगेच्या पाण्याची नियमित तपासणी सुरू केली आणि आकडे लोकांसमोर मांडले. भक्ती न सोडताही जंतू मोजता येतात, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्या परंपरेने या प्रश्नाला फार आधी हात घातला आहे. नदीत न्हाऊन पाप धुतले जाते असे म्हणणाऱ्या सुंदरिक भारद्वाजाला तथागतांनी सांगितले की कर्म मलिन असेल तर नदी काही करू शकत नाही, खरे स्नान शीलाचे. थेरीगाथेतली पुण्णा ही पाणी भरणारी दासी. थंडीत कुडकुडत नदीत बुड्या मारणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले की पाण्यानेच मुक्ती मिळत असेल तर बेडूक आणि कासवे आधी स्वर्गात जायला हवीत. भिक्खूंच्या आवश्यक वस्तूंत पाणी गाळायचे फडके, परिस्सावन, होते. जुन्नरच्या लेण्यांत आजही कातळात कोरलेली पाण्याची टाकी दिसतात. इरिल नावाच्या एका यवनाने अशी दोन टाकी दान दिल्याचा शिलालेख तिथे आहे, त्यात टाक्याला 'पोढि' म्हटले आहे. साठवायचे, जपायचे आणि उपसून घ्यायचे, अशी ती पाण्याची रीत.

शुद्धी आणि स्वच्छता यांत किती अंतर असू शकते, हे आपल्याला महाडने शिकवले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तळे बाटले म्हणून सनातन्यांनी १०८ घागरी पाण्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून ते तळ्यात ओतले आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. पिण्याच्या पाण्यात शेण मिसळणे हे आरोग्याच्या कुठल्याही पुस्तकात शुद्धीकरण ठरत नाही. म्हणून नदीबद्दल बोलताना आपणही 'बाटली', 'विटाळली' हे शब्द वापरू नयेत. त्या शब्दांनी आपल्या माणसांचे काय केले ते आपल्याला ठाऊक आहे. 'दूषित' म्हणावे, आणि किती दूषित ते मोजून सांगावे.

झाडणाऱ्या हातांचे काय?

भाविकाची आंघोळ पाच मिनिटांची. ज्याला घाट झाडायचा, पात्रातली फुले, कपडे, केस, मडकी ओढून काढायची आणि तुंबलेले गटार उपसायचे, तो त्याच पाण्यात गुडघाभर उभा असतो तासन् तास. पंढरपूरच्या वारीत वाळवंटात होणारी घाण सफाई कामगारांना हाताने उचलावी लागे. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली आणि न्यायालयाने शौचालयांची व वाळवंटाच्या रक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावणे हा गुन्हा आहे. ग्रामपंचायतीने रोजावर लावलेल्या माणसालाही हा कायदा लागू होतो.

या माणसांना गमबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, काम संपल्यावर साबण आणि नळाचे पाणी, आणि धनुर्वाताची लस मिळायलाच हवी. पावसाळ्यात सतत चिखल-पाण्यात काम असेल तर लेप्टो टाळण्यासाठी डॉक्टर आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनची गोळी देऊ शकतात. ती आपल्या मनाने घेऊ नये, गरोदर बाईने तर नाहीच.

ग्रामसभेत काय मागायचे?

घाटावर ब्लीचिंग पावडर फेकणे हा उपाय नाही. नदीतल्या घाणीवरच क्लोरीन खर्च होते, जंतूंपर्यंत पोहोचत नाही, आणि जास्त टाकले तर मासे मरतात. क्लोरीन चालते ते बंदिस्त, नितळ पाण्यात. म्हणून पहिली मागणी अशी की दहाव्याच्या घाटावर नळपाणी योजनेची जोडणी, एक टाकी आणि पुरुष-बायकांसाठी वेगवेगळी आडोशाची न्हाणी बांधावी. टीसीएल टाकून तासभराने ओटी चाचणी घ्यावी, पाण्याला पिवळसर रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे. विधी तिथेच होतो, नदी समोरच असते, फक्त अंगावर पडते ते नळाचे पाणी. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना ती सोडायला सांगावी लागत नाही. न्हाणीचे पाणी मात्र शोषखड्ड्यात जावे, पुन्हा नदीत नको.

दुसरी मागणी गटाराची. शौचालयाच्या टाकीचा बाहेरचा पाइप गटाराला जोडलेला असेल तर तो काढून शोषखड्ड्याला जोडावा. मैला उपसणारा टँकर कुठे रिकामा होतो, हे विचारावे. रात्रीच्या वेळी ओढ्यात रिकामा झालेला एक टँकर वरचा सगळा हिशेब उधळून लावतो.

तिसरी मागणी तपासणीची. गावात पाणी तपासण्याच्या संचासोबत येणारी छोटी बाटली चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळी पडली तर विष्ठेची भेसळ आहे असे कळते, पण किती ते कळत नाही. आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत जावे लागते. निर्जंतुक बाटली पाण्याखाली वीतभर खोल, तोंड प्रवाहाकडे धरून भरावी, बर्फात ठेवावी आणि त्याच दिवशी पोहोचवावी. नमुने दोन घ्यावेत, एक गटाराच्या वर आणि एक घाटावर. दोन आकड्यांतला फरक तो आपल्या गावाचा वाटा. हा फरक ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

राहता राहिली रक्षा. आपल्या समाजातही पुष्कळ घरी अजून सवयीने ती नदीत सोडतात. राख जळून आलेली असते, तिच्यात जंतू नसतात. त्रास होतो तो तिच्यासोबत जाणाऱ्या कापडाचा, प्लॅस्टिकचा आणि फुलांच्या पोत्यांचा. आता अनेक कुटुंबे शेतात खड्डा घेऊन रक्षा त्यात ठेवतात आणि वर आंब्याचे किंवा पिंपळाचे रोप लावतात. पुढच्या वेळी कुणाच्या घरी सांत्वनाला गेलात तर हे सुचवून पाहा. आणि मुंडण ठरले असेल तर दुकानातून नव्या पात्यांचे एक पाकीट घेऊन जा.